बहिणीच्या एकराचा भाव

माझ्या नवऱ्यासारखा सज्जन माणूस त्या सगळ्या भागात नव्हता, आणि त्या सज्जनपणानंच आमचं वाटोळं केलं. हे मी तेव्हाही तोंडावर बोलले होते आणि आताही लिहिते. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलत नाही, झालं ते सांगते.

इस्लामपुरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आमची पाच एकर बागायत होती. काळी, हाताला चिकटणारी माती, दोन मोटांची विहीर आणि कडेनं गाडीरस्ता. ऊस घ्यायचा, गुऱ्हाळ लावायचं, गुळाच्या ढेपा गाडीत भरून पेठेला न्यायच्या, असं आमचं चाललं होतं. लढाई संपत आली, सगळीकडं धान्याचं रेशन, आणि सरकारला धान्य साठवायला गोदामं पाहिजे झाली. गाडीरस्त्याच्या कडेची सपाट जमीन म्हणून आमचाच तुकडा त्यांच्या डोळ्यांत भरला. चावडीवर जाहीरनामा लागला. मागून नोटीस आली, की तुमची मागणी काय ती लेखी द्या.

तेवढं एक काम आम्ही शहाण्यासारखं केलं. साताऱ्याच्या एका वकिलांना जाऊन भेटलो. वकील म्हातारे होते, तपकीर ओढायचे आणि बोलताना डोळे मिटायचे. ते म्हणाले, "आत्ता जो आकडा लिहून द्याल त्याच्यावर पुढं कोर्टसुद्धा जाणार नाही. आणि काहीच लिहून दिलं नाही, तर जे देतील ते गुमान घ्यावं लागेल. तेव्हा भिडेभिडेनं लिहू नका." आम्ही एकरी सोळाशे लिहून दिले. तो काही आकाशातला आकडा नव्हता, तशा जमिनीला तेव्हा तेवढं पडतच होतं.

निवाड्याच्या दिवशी मामलेदार कचेरीत साहेबांनी भाव वाचून दाखवला. एकरी चारशे.

मला आधी वाटलं माझ्याच कानात काहीतरी झालं. आमचे मालक उठून उभे राहिले. म्हणाले, "सायेब, चारशाला माळ मिळतोय. ही बागायत हाय. कुठनं काढला ह्यो भाव?"

साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्यानं कागद उलटले आणि शांतपणे सांगितलं, "तुमच्याच खरेदीखतातून. जाहीरनाम्याच्या आधी दोन वर्षं, याच पाच एकरांतला एक एकर तुम्ही तुमच्या बहिणीकडून चारशेला विकत घेतलाय. रजिस्टर खत आहे. त्याच जमिनीचा, इतका जवळचा व्यवहार असताना मी दुसरीकडं भाव कशाला शोधू?"

मालकांचं तोंड असं झालं, की जणू कुणी सगळ्यांच्या देखत त्यांच्या डोईचं पागोटं काढून घेतलं. ते खाली बसले.

आता त्या एकराची गोष्ट सांगायला पाहिजे. माझ्या सासऱ्यांनी लेकीच्या लग्नात पाचांतला एक एकर तिच्या नावावर चोळीबांगडीला करून दिला होता. आमच्याकडं ती रीतच होती. जमीन भावानं कसायची, पण तिच्या उत्पन्नातनं बहिणीला दरसाल लुगडं-चोळी जायची. वन्सं माझ्याहून लहान. लग्न होऊन तासगावच्या बाजूला गेल्या, पदरात एक मुलगी, आणि नवरा साथीत गेला. मग दिराच्या घरात राहिल्या. दीर म्हणजे धिप्पाड गडी, आवाज असा की वाड्यात खाकरला तर वेशीत ऐकू यावं. बोलायला कमी. अशा माणसाची भीती जरा जास्तच वाटते.

पुढं गावातला एक व्यापारी त्या एकराला गिऱ्हाईक झाला. सोळाशे देतो म्हणाला. दिरांच्या कानावर ती गोष्ट जायच्या आधीच वन्सं इकडं निघून आल्या. मला म्हणाल्या, "वैनी, बापाची जमीन तिऱ्हाइताला गेल्याली मला न्हाई बघवायची. दादाच्या नावावर परत करती." बक्षीसपत्र करू म्हटलं, तर मालक तयार होईनात. भावानं बहिणीला द्यायचं असतं, बहिणीकडनं भावानं बक्षीस घेतलं असं कागदावर राहिलं तर लोक तोंडात शेण घालतील म्हणाले. म्हणून खरेदीखत केलं. घरात त्या वेळी गुळाचे चारशे रुपये होते, तेच आकड्याच्या जागी घातले. खत लिहिणाऱ्यानं आपल्या सवयीनं खाली ओढलं, की बाजारभावाप्रमाणे पुरी किंमत पावली, काही तक्रार नाही. सगळ्याच खतांत तसं लिहितात. वन्संनी अंगठा उठवला, आणि आम्ही तिथून जिलबी घेऊन घरी आलो. कुणाच्या स्वप्नात होतं का, की तो कागद उद्या आमच्याच छाताडावर बसणार?

महिन्याभरानं वन्संचे दीर आमच्या दारात आले. आत आले नाहीत. अंगणातनंच विचारलं, "पावणं, एकराचं काय आलं?" मालक म्हणाले, "चारशे. पुरी किंमत." दिरांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली, मान हलवली आणि गेले. त्या मान हलवण्याचा अर्थ आम्ही दोघांनी आपापल्या भीतीप्रमाणं लावला. मालकांना वाटलं, ह्याला संशय आलाय. सोळाशेचा माल भावाला चारशेत दिला हे कळलं, तर पोरीसकट वन्संना घराबाहेर काढायला हा माणूस कमी करणार नाही.

निवाड्यानंतर वकिलांनी दोन गोष्टी सांगितल्या. पैसे घ्यायचे, पण पावतीवर लिहायचं की भाव मान्य नाही, तक्रार राखून घेतो. आणि दीड महिन्याच्या आत अर्ज द्यायचा, की आमचं प्रकरण जिल्हा कोर्टाकडं पाठवा. पावतीवर तसं न लिहिता पैसे उचलले तर पुढं कुणी दारात उभं करत नाही. मालकांनी दोन्ही गोष्टी बिनचूक केल्या. अर्ज साताऱ्याच्या कोर्टात गेला.

आमची पाचही एकरं गेली होती. उरला होता तो गावामागचा मुरमाड तुकडा, त्यात हुलगासुद्धा नखाएवढा उगवायचा. नदीच्या अंगाला एक म्हातारा आपली चार एकर गाळाची मळई विकायला बसला होता. त्याला पोरबाळ नव्हतं, आणि जमीन कसणाऱ्याच्याच हातात जावी अशी त्याची हौस. तो आम्हाला म्हणाला होता, "तुमचा निकाल लागस्तवर मी थांबतो. तुमच्यासाठी थांबतो." कोर्टानं भाव वाढवून दिला तर ती मळई आमची. नाहीतर आमच्या पोरांनी मुंबईची गिरणी धरायची आणि आम्ही नवरा-बायकोनं दुसऱ्याच्या बांधावर रोजानं जायचं. मी रोज सकाळी उठायची ती ह्याच विचारानं, आणि भाकरी थापता थापता देवाला शिव्या द्यायची. खोटं कशाला सांगू?

वकिलांनी तयारी नीट केली होती. भाव सिद्ध करायला दुसरे व्यवहार दाखवावे लागतात, आणि नुसती खताची नक्कल दाखवून भागत नाही. घेणारा नाहीतर विकणारा, कुणीतरी एकानं पिंजऱ्यात उभं राहून सांगावं लागतं की हो, एवढे दिले, एवढे घेतले. आमच्याकडं असे दोन होते. एक, तंबाखूचा मुसलमान व्यापारी. वन्संच्या एकराचं गिऱ्हाईक होता तोच. आमचा एकर मिळेना म्हणून त्यानं रस्त्याच्या पलीकडं अर्धा एकर घेतला होता, एकरी हिशेब धरला तर दोन हजारावर जाईल असा. दुसरा, लष्करातनं परत आलेला आमच्या शेजारच्या गावचा जवान. त्यानं पगाराचे साठलेले पैसे घालून एकरभर बागायत घेतली होती, पंधराशेला. दोघंही यायला तयार झाले. व्यापारी तर म्हणाला, "भाभी, माझ्या तोंडून खोटं निघायचं नाही आणि खरं सांगायला मला कुणाची भीती नाही."

"पण," वकील डोळे मिटून म्हणाले, "हे दोन्ही तुटतील. एक जागा छोटी, वखारीसाठी घेतलेली. दुसरीचं खत जाहीरनाम्यानंतरचं. तेव्हा भाव चढलेलाच असतो, म्हणून ते धरणार नाहीत. खरी लढाई आहे ती तुमच्या बहिणीच्या खताशी. ते खत बाजूला सारलं, तर हे दोन्ही थोडंथोडं वजन टाकतील. नाही सारलं, तर काही उपयोग नाही."

"मग कसं सारायचं?" मी विचारलं. बायकांनी वकिलाशी बोलू नये असं तेव्हा होतं, पण मी काही गप्प बसणाऱ्यांतली नव्हते.

"सोपं आहे. बहीण-भावातला व्यवहार हा बाजारातला व्यवहार नव्हे. यांनी सांगायचं की चारशे हा नावापुरता आकडा, खरी किंमत नव्हे. बहिणीनं येऊन तेच सांगायचं. दोघांचा जबाब जुळला की झालं. अहो, दोन वाक्यांचं काम आहे."

दोन वाक्यं. मालक मान डोलावत होते, पण माझ्याकडं बघत नव्हते. परतताना मी त्यांना स्पष्ट विचारलं, "सांगशीला न्हवं?"

"सांगतो की."

"नीट सांगा. 'बहिणीनं मला मायेनं दिली.' एवढंच. त्यात लाजायचं काय हाय?"

"तुला काय कळतंय," ते म्हणाले. "बहिणीचं भावानं खाल्लं, ह्याच्याएवढी वंगाळ गोष्ट जगात दुसरी न्हाई."

"खाल्लं कुठं? तिनं दिलं."

"कोर्टात त्येला काय म्हंत्यात ते मला ठावं न्हाई. भावकीत त्येला खाल्लं म्हंत्यात."

मला राग आला होता, पण वाटलं, वेळ आली की बोलतील. सगळेच वेळ आली की बोलतात असं मी समजत होते.

सुनावणीला आम्ही आदल्या दिवशीच साताऱ्याला गेलो. कोळशावर चालणारी मोटार, चढाला उतरून ढकलायची. कोर्टात मी गेले ती वन्संच्या सोबतीला बाईमाणूस पाहिजे म्हणून. वन्संना सासरहून परस्पर यायचं होतं. त्यांना एकटीनं तर येता येणार नव्हतंच, पण आम्हाला वाटलं होतं की घरातला एखादा गडी सोबत देतील. त्या आल्या त्या दिरांबरोबर. कोर्टाच्या आवारात तो धिप्पाड माणूस वन्संच्या पुढं चालत येताना दिसला, आणि मालकांचा चेहरा पांढराफटक पडला.

"ह्यो कशाला आला?" ते हळूच म्हणाले.

"सोबतीला आला आसंल. तुमी तिकडं बघूच नका."

वन्संशी दोन शब्द बोलावेत म्हटलं, तर त्यांची मोटार उशिरा पोचलेली, तेवढ्यात आमचा पुकारा झाला. साक्षीदारांना बाहेर थांबवतात, एकाचा जबाब दुसऱ्यानं ऐकू नये म्हणून. वन्संना व्हरांड्यात बाकावर बसवलं. दीर साक्षीदार नव्हते, ते सरळ आत येऊन मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. मी दाराजवळ बसले.

व्यापाऱ्याचा आणि जवानाचा जबाब झाला. दोघांनी स्वच्छ सांगितलं. आणि वकील म्हणाले होते तस्संच झालं. सरकारी वकिलानं व्यापाऱ्याला विचारलं, "ही जागा तुम्ही नांगरायला घेतली का?" तो म्हणाला, "नाही, वखार बांधायला." जवानाला विचारलं, "खत जाहीरनाम्याच्या आधीचं की नंतरचं?" "नंतरचं." बस्स. तरुण होता तो सरकारी वकील, हसतमुख, आवाज कधी वर चढवला नाही.

मग आमचे मालक पिंजऱ्यात चढले. देवाची शपथ घेतली. आमच्या वकिलांनी जमिनीचं, विहिरीचं, उसाचं विचारून घेतलं, ते छान बोलले. शेताचं बोलायला लागले की ते वेगळेच व्हायचे. मग वकिलांनी विचारलं, "बहिणीचा एकर घेतला तो व्यवहार कसा झाला ते सांगा."

मालकांची नजर मागच्या भिंतीकडं गेली. मी मनात ओरडत होते, बघू नका तिकडं, बघू नका.

"आमच्या घरातला येवार हुता," ते म्हणाले.

"आणि चारशे रुपये?"

"दिलं."

"ती जमिनीची खरी किंमत होती का?"

जज्जसाहेबांनी लेखणी थांबवून वर पाहिलं. वकिलांनी प्रश्न पुन्हा केला. मालक म्हणाले, "घरातला येवार हुता." तेवढंच.

सरकारी वकील उठला. त्यानं खत हातात धरलं आणि शेवटची ओळ वाचली, पुरी किंमत पावली, तक्रार नाही. "हे खरं की खोटं?"

"खरं."

"म्हणजे बहिणीला तुम्ही कमी पैसे दिले नाहीत?"

"न्हाई."

"नक्की? तुमचे वकील म्हणतात, नावापुरता आकडा होता. मग तुम्ही बहिणीची हजार-बाराशेची जमीन फुकट घेतलीत असं समजायचं का?"

आणि आमचे मालक, जे आयुष्यात कधी मोठ्यानं बोलले नाहीत, ते सगळं कोर्ट दणाणेल असं म्हणाले, "बहिणीचं मी काय सुदीक खाल्लं न्हाई! चारशे ही पुरी किंमत हुती!"

सरकारी वकील खाली बसला. त्याला आणखी काही विचारायची गरजच नव्हती. मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्या वकिलांनी पहिल्यांदाच डोळे टक्क उघडे ठेवले होते.

मला बाहेर जायचं होतं. वन्संना सांगायचं होतं की असं असं झालंय. मी उठले, पण शिपाई आधीच बाहेर जाऊन त्यांच्या नावानं ओरडत होता, आणि वन्सं पदर सावरत आत येत होत्या. माझ्या अंगावरनं गेल्या. मी त्यांचा हात धरणार, तर जज्जसाहेबांनी माझ्याकडं असं बघितलं की मी मटकन खाली बसले.

वन्सं घाबरलेल्या नव्हत्या. मला त्याचंच नवल वाटलं. लहानखुरी बाई, कठड्याच्या वर नुसतं तोंड दिसत होतं, पण आवाज खणखणीत. आमच्या वकिलांनी विचारलं, "एकर भावाला का विकला?"

"विकला कुठं? परत दिला. बापाची जमीन हुती ती."

"मग चारशे रुपये?"

"कागदावर कायतरी आकडा लिवाय लागतोय म्हनून लिवला. त्या येळंला त्या एकराला सोळाशे देनारा मानूस गावात बसला हुता. मी दादाकडं त्ये मागितलं न्हाईत आनि मागनार बी न्हवते."

वकिलांच्या चेहऱ्यावर रंग आला. माझ्याही छातीतला दगड जरा हलला. मी मान वळवून दिरांकडं बघितलं. ते तसेच भिंतीला टेकून उभे होते, चेहऱ्यावर काही नाही.

सरकारी वकील उठला, आणि मायेनं बोलावं तसा बोलला. "बाई, तुमचे भाऊ आत्ताच इथं शपथेवर सांगून गेले, की चारशे ही पुरी किंमत होती. तुम्ही सांगता, नव्हती. मग दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?"

वन्संनी मालकांकडं पाहिलं. मालक खाली बघत होते.

"सांगा," सरकारी वकील म्हणाला. "तुमचा भाऊ देवाची शपथ घेऊन खोटं बोलला का?"

सांगा वन्सं, मी मनात म्हणत होते, सांगा की हो, बोलला. तुमच्या भावाची पोरं वाऱ्यावर जातील. सांगा!

"माझा दादा खोटं बोलत न्हाई, सायेब," वन्सं म्हणाल्या.

"मग तुम्ही आत्ता बोललात ते?"

"मी अडानी बाई हाय. माझी कायतरी चूक झाली आसंल. दादा म्हनला तेच खरं."

आमचे वकील पुन्हा उठले, पुन्हा विचारून बघितलं. वन्संनी तोंडाला पदर लावला तो लावलाच. जज्जसाहेबांनी लिहिलं, जबाब वाचून दाखवला, अंगठा घेतला. झालं आमचं दोन वाक्यांचं काम.

व्हरांड्यात वन्संनी मालकांना गाठलं. त्या रडत होत्या. "दादा, का रं असं बोललास? काय ठरलं हुतं आपलं?"

मालक दिरांकडं न बघता पुटपुटले, "तुला त्या घरात ऱ्हायाचं हाय."

तेवढ्यात दीरच पुढं आले. तो दणकट आवाज मी पहिल्यांदाच जवळून ऐकला. "पावणं," ते म्हणाले, "मला समदं ठावं हाय. काल निघायच्या आदी वैनींनी सांगितलं, एकर सोळाशाचा हुता आनि मी तो भावाला दिला, उद्या कोर्टात तसं सांगनार हाय. मी म्हनलं, सांगा की खुशाल. तुमच्या बापाचं तुमी भावाला द्यायचं, तर त्यात मला काय इचारायचं? म्हनून तर मी सोता आलो. एकटी बाई कोर्टात बावरंल, पाठीशी कुनीतरी उबं पाहिजे."

मला तर असं झालं की धरणी दुभंगावी. ज्या माणसाच्या धाकानं माझ्या नवऱ्यानं स्वतःच्या पोरांच्या तोंडचा घास घालवला, तो माणूस आम्हाला आधार द्यायला आला होता! आणि हे विचारायला ह्या बहाद्दराला इतक्या वर्षांत एकदाही तोंड उघडता आलं नव्हतं. मी तिथंच, कोर्टाच्या आवारात, चार लोकांसमोर नवऱ्यावर ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. त्यांनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही, आणि त्यामुळं मी आणखीनच पेटत गेले. शेवटी वन्संनी मला धरून पायरीवर बसवलं आणि आम्ही दोघी गळ्यात पडून रडलो.

निकाल काही महिन्यांनी लागला. जज्जसाहेबांनी लिहिलं होतं, की साधारणपणे बहीण-भावातला व्यवहार किंमत ठरवायला धरत नाहीत. पण इथं अर्जदार स्वतःच शपथेवर सांगतो की ती पुरी किंमत होती, आणि बहीणही अखेर तेच म्हणते. याच जमिनीचा इतका जवळचा व्यवहार दुसरा नाही. वखारीची जागा छोटी, दुसरं खत जाहीरनाम्यानंतरचं. विहिरीचे थोडे पैसे वाढवून दिले, आणि त्यावर सक्तीनं जमीन घेतल्याबद्दलचे शेकडा पंधरा. बाकी अर्ज नामंजूर. आधी उचललेले पैसे तोवर पोटात आणि कोर्टात गेले होते, आणि मळईतला एक एकरसुद्धा ह्यातून येत नव्हता.

नदीकाठच्या म्हाताऱ्याकडं मीच गेले. त्याच्या पायऱ्यांवर बसून म्हटलं, "बाबा, अजून थोडं थांबा." तो म्हणाला, "पोरी, किती थांबू? माझ्या जिवाचा भरवसा न्हाई." तरी अपील केलंत तर बघू म्हणाला. एवढी आशा धरून मी परत साताऱ्याला गेले, मालकांना ओढत नेलं म्हणा. वन्संही आल्या.

वकील म्हणाले, "मुंबईला हायकोर्टात अपील करता येतं. मुदत आहे. पण मी खोटी आशा दाखवणार नाही. एकच वाट आहे. तुम्ही लिहून द्यायचं, की तो जबाब खरा नव्हता, भावकीच्या लाजेपोटी दिला. बहीण पहिल्यांदा बोलली तेच खरं. त्यात धोका आहे. शपथेवर खोटं बोलल्याचं बालंट येऊ शकतं, आणि कोर्ट मानेलच असंही नाही. पण ते लिहिल्याशिवाय अपिलात दमच नाही."

"द्या लिहून," मी म्हटलं. "बालंट आलं तर बघू. आताच कुठं सुखात हाय आपण?"

मालकांनी नजर दाराकडं वळवली.

"आवं, बोला की! कुनाची भीती हाय आता? वन्संच्या दिरांना ठावं, मला ठावं, समद्या गावाला ठावं. कुनापासनं लपवताय?"

"भीती न्हाई कुनाची," ते म्हणाले.

"मग काय?"

त्यांनी वन्संकडं पाहिलं. त्या दिवसापासून पहिल्यांदा सरळ पाहिलं. आणि इतक्या हळू बोलले, की वकिलांना पुढं वाकावं लागलं. "भर कोर्टात, समद्यांच्या म्होरं ही म्हनली, माझा दादा खोटं बोलत न्हाई. आता मी कागदावर लिवून दिऊ, की बोलतो?"

वन्सं म्हणाल्या, "दे रं लिवून. माझं काय जातंय?"

ते उठले आणि पायताण घालून बाहेर गेले. मी त्यांच्या मागं धावले नाही. वकिलांनी तपकिरीची डबी बंद केली आणि आमचे कागद बांधून माझ्या हातात दिले.

अपिलाची मुदत गेली. मळई दुसऱ्यानं घेतली, थोरला मुंबईला गेला, आणि त्या पावसाळ्यात मी आणि मालक रोजानं दुसऱ्याच्या उसातलं तण भांगलायला गेलो. एकाच ओळीत, शेजारी शेजारी बसून. त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले, पण पुन्हा कधी त्यांनी कुणाला "सांगतो की" असं म्हटलेलं मी ऐकलं नाही.